शाफ्ट नेमका खांद्यालाच का मोडतो?

एखाद्या पंपाचा किंवा ब्लोअरचा शाफ्ट मोडला की वर्कशॉपमध्ये पहिला निकाल ठरलेला असतो: मटेरियल खराब. मग जास्त महागाच्या स्टीलचा नवा शाफ्ट टर्न करून बसवतात आणि काही महिन्यांनी तोही मोडतो, बहुतेक वेळा त्याच जागी. ही जागा म्हणजे शाफ्टचा व्यास बदलतो तो खांदा. बेअरिंग टेकून राहावं, पुली पुढे सरकू नये म्हणून शाफ्टला पायरी ठेवावीच लागते, आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यात तडा जन्म घेतो.

हे कोडं रेल्वेइतकंच जुनं आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. सततच्या हादऱ्यांनी लोखंडाचे स्फटिक बनतात आणि ते ठिसूळ होतं, अशी तेव्हा समजूत होती. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने मोडलेले आस तपासले आणि १८४३ मध्ये वेगळंच मांडलं. मोडण्याची सुरुवात आसाच्या मानेभोवती, व्यास बदलतो तिथे, एका बारीक आणि गुळगुळीत तड्याने होते. तो हळूहळू आत सरकतो आणि शेवटी मधला उरलेला गाभा एका झटक्यात तुटतो. त्याचा उपाय साधा होता: कोपरा काटकोनी ठेवू नका, तिथे वळण द्या. आज या वळणाला फिलेट म्हणतात. टर्नरच्या बोलीत नुसतं ‘रेडियस’.

वळणाने फरक पडतो तो असा. शाफ्ट वाकतो तेव्हा एका बाजूचा धातू ओढला जातो, समोरच्या बाजूचा दाबला जातो. मध्यावर ताण शून्य असतो आणि पृष्ठभागावर सर्वांत जास्त. जाड भागाच्या पृष्ठभागाजवळून येणाऱ्या बलाला खांद्यापाशी पुढे धातूच मिळत नाही, म्हणून ते आत वळून बारीक भागात शिरतं. रुंद रस्ता अचानक अरुंद झाला की वळणाच्या आतल्या बाजूला गाड्यांची जशी दाटी होते, तशी बलरेषांची दाटी कोपऱ्यात होते. शिवाय हा कोपरा बारीक भागाच्या पृष्ठभागावरच असतो, म्हणजे आधीच जास्त ताण असलेल्या जागी आणखी भर पडते. सर्वाधिक ताण खांद्याच्या उभ्या भिंतीवर नसतो. फिलेटचं वळण बारीक व्यासाला जिथे मिळतं, तिथेच जवळपास असतो.

आकड्यांत पाहू. बारीक भाग ४० मिलिमीटर, जाड भाग ५० मिलिमीटर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ६४ किलो वजन टांगलं, तर पकडीपाशी जितका वाकवणारा जोर येतो, तितका खांद्यावर येतो असं धरू. पुस्तकी सूत्राने ४० मिलिमीटर भागाच्या पृष्ठभागावर १०० मेगापास्कल ताण निघतो, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण दहा किलो. साध्या मध्यम कार्बन स्टीललाही हा काहीच नाही. पण हे सूत्र खांदा नाहीच असं धरून चालतं. खांद्यावरचा खरा ताण त्याच्या किती पट, हे इंजिनिअर तक्त्यांतून काढतात. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीच्या आर. ई. पीटरसन यांनी १९५३ मध्ये ग्रंथरूपात आणलेले तक्ते आजही वापरात आहेत. आपल्या शाफ्टला फिलेट अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर ही पट सुमारे अडीच येते. एक मिलिमीटरला २.२, दोनला १.९ आणि चारला १.६. म्हणजे १०० चा ताण कोपऱ्यात २५० होतो, आणि कोपरा मोठा गोल केला की १६० वर उतरतो.

हीच सुधारणा अर्ध्या मिलिमीटरचा फिलेट तसाच ठेवून, शाफ्ट जाड करून मिळवायची तर ढोबळ हिशेबाने ४० चा व्यास साडेसेहेचाळीस करावा लागेल. बेअरिंग बदला, हाउसिंग बदला, वजन वाढवा. रेडियस वाढवायला त्या मानाने टूलची एक हालचाल पुरते. मात्र फायदा उतरत्या भाजणीचा आहे: अर्ध्यावरून एकवर जाताना जितकं मिळतं, तितकं मिळवायला पुढे दोन मिलिमीटरपर्यंत जावं लागतं.

२५० मेगापास्कलनेही स्टील लगेच तुटत नाही. घोटाळा फिरण्याचा आहे. पट्ट्याची ओढ एकाच दिशेने असते, शाफ्ट फिरतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ओढला जातो, एकदा दाबला जातो. १४४० आरपीएमच्या मोटरवर एका दिवसात असे वीस लाखांहून जास्त फेरे होतात. अशा उलटसुलट ताणाखाली मशीन केलेल्या मध्यम कार्बन स्टीलची सहनशक्ती हिशेबापुरती २०० मेगापास्कल धरता येते. बारीक कोपऱ्यात चढा ताण अगदी थोड्या धातूपुरता असतो, म्हणून नरम स्टीलला त्याचा फटका तक्त्यापेक्षा कमी बसतो: अडीचऐवजी दोनपट, म्हणजे बरोबर २००. शाफ्ट काठावर आला. टूलचा एक ओरखडा किंवा पट्टा थोडा जास्त ताणलेला, एवढं निमित्त पुरे. चार मिलिमीटरच्या फिलेटला हाच आकडा सुमारे १५० राहतो. कडक, महागडं स्टील मात्र ही सवलत फारशी देत नाही. ‘मटेरियल खराब’ म्हणून स्टील बदललं आणि कोपरा तसाच ठेवला, की अपेक्षेइतका फायदा होत नाही तो यामुळे.

मग मोठाच रेडियस का देत नाहीत? आडवं येतं बेअरिंग. ४० मिलिमीटर बोअरचं ६२०८ नंबरचं बेअरिंग घ्या. त्याच्या आतल्या रिंगच्या कडेला जेमतेम १.१ मिलिमीटरची गोलाई असते, म्हणून शाफ्टवर फिलेट जास्तीत जास्त एक मिलिमीटर चालतो. त्याहून मोठा दिला तर रिंग खांद्याला न टेकता फिलेटवरच चढते, तिरकी बसते आणि बेअरिंग लवकर जातं. वाटा दोन आहेत. मोठा फिलेट ठेवून खांदा आणि बेअरिंग यांच्यामध्ये आतून मोठा चॅम्फर असलेली स्पेसर रिंग घालायची. किंवा खांद्याच्या उभ्या भिंतीत आतून खाच घेऊन वळण तिकडे वळवायचं. टेकायला जागा उरते आणि रेडियसही मोठा मिळतो. ग्राइंडिंगच्या सोयीसाठी शाफ्टच्या व्यासात जी अरुंद, चौकोनी खाच मारतात, ती मात्र उलटी महागात पडते: बारीक भाग आणखी बारीक होतो आणि नवा धारदार कोपरा तयार होतो.

मोडलेला शाफ्ट हाती आला तर दोन्ही तुकडे न घासता, न जुळवता आधी नीट पाहावेत. कडेला गुळगुळीत पट्टा, त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या, घेराला छोट्या-छोट्या पायऱ्या आणि कुठेतरी आत खरबरीत ठिपका दिसला तर हे थकव्याचं मोडणं आहे. घेराला पायऱ्या अनेक असतील तर तडे एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी सुरू झाले, म्हणजे कोपऱ्याने बरीच भर घातली. खरबरीत भाग लहान असेल, तर एकूण लोड फार नव्हता. अशा वेळी स्टीलचा ग्रेड बदलण्याआधी रेडियस गेजचं पान कोपऱ्याला लावून उजेडाकडे धरावं.

पुष्कळदा तिथे ०.४ किंवा ०.८ मिलिमीटर सापडतो. हे डिझायनरने ठरवलेले आकडे नसतात, टर्निंगच्या इन्सर्टच्या नाकाची ती ठरीव मापं आहेत. ड्रॉइंगवर रेडियस लिहिलेला नसला की मशीनवर लावलेल्या टूलचं नाकच तो ठरवतं. म्हणून नवा शाफ्ट करायला देताना ड्रॉइंगवर व्यासांसोबत खांद्याचा रेडियस आणि त्याचा फिनिश लिहून द्या, आणि शाफ्ट घेताना तो गेजने मोजूनच घ्या.