दोन दिवसांचा प्रवास, तीन दिवसांचे भाडे

वसईतील आमच्या परिचयाच्या एका शिक्षक कुटुंबाने गेल्या हिवाळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाण्यासाठी चालकासह गाडी ठरविली. शुक्रवारी शाळा सुटल्यावर जेवणे उरकून रात्री ९ वाजता मंडळी निघाली आणि रविवारी संध्याकाळी घरी परतली. गाडीच्या मापकावर ४१० किलोमीटर नोंदले गेले होते. ठरलेला दर किलोमीटरला १३ रुपये. तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास खर्च येईल, असा गुरुजींचा हिशेब. हाती आलेले बिल मात्र टोल वगळून १२,६०० रुपयांचे होते!

यात फसवणूक झाली काय? वस्तुतः नाही. बाहेरगावच्या भाड्यात किलोमीटरचा दर हा अर्धाच करार असतो. उरलेला अर्धा ‘दिवसाला किमान’ या शब्दांत दडलेला असतो. येथे ते किमान ३०० किलोमीटर होते. गाडी तेवढी धावो वा न धावो, तेवढ्याचे पैसे द्यावयाचे. शिवाय हा ‘दिवस’ चोवीस तासांचा नसून पंचांगातला, म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा. शुक्रवारच्या रात्रीचे तीन तासही त्यामुळे एक संपूर्ण दिवस ठरले. तीन दिवसांचे ९०० किलोमीटर, त्याचे ११,७०० रुपये. चालकाचा भत्ता रोजचा ३०० रुपये, म्हणजे आणखी ९००. भत्ता सोडून प्रत्यक्ष धावेने भागून पाहता दर किलोमीटरला साडेअठ्ठावीस रुपये पडला. हीच मंडळी शनिवारी सकाळी ६ वाजता निघती, तर दोन दिवसांचे ७,८०० आणि भत्त्याचे ६०० मिळून ८,४०० रुपयांत काम भागले असते. तीन तासांची घाई ४,२०० रुपयांना पडली.

किमान किलोमीटरची अट अन्यायाची आहे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. गाडी त्र्यंबकेश्वरी उभी असली, तरी मालकाचा कर्जाचा हप्ता, विमा आणि परवान्याचा कर उभा राहत नाही. त्या दिवशी तिला दुसरे भाडेही मिळत नाही. तक्रार आहे ती एवढीच की, दर ठळक सांगितला जातो आणि अट पुटपुटली जाते. आणि अट कळली की तिचा उपयोगही करून घेता येतो. दोन दिवसांचे ६०० किलोमीटर भरावयाचेच होते, तर ४१० वर परतण्याचे कारण नव्हते. नाशिकहून शिर्डीला जाऊन यावयास सुमारे १८० किलोमीटर लागतात. तेवढे त्याच पैशांत, टोलची थोडी भर घालून, झाले असते.

वसई-विरारकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. धाव बहुधा आपल्या दारापासून नव्हे, तर गाडीच्या ठाण्यापासून ठाण्यापर्यंत मोजतात. गाडी अंधेरीहून आली, तर तिचे रिकामे येणे-जाणे आपल्या माथी. प्रवास किमान मर्यादेच्या आत असेल, तर या धावेने बिल वाढत नाही. पण कोल्हापूरसारख्या लांबच्या पल्ल्याला, जेथे मर्यादा ओलांडली जाते, तेथे प्रत्येक रिकामा किलोमीटर मोजावा लागतो. तेव्हा अशा वेळी गाडी वसई, नालासोपारा वा विरारचीच पाहावी, आणि निघताना मापकावरचा आकडा चालकासमक्ष टिपून घ्यावा.

टोलचे प्रकरण आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. चिंचोटी-कामण मार्गाने, तेथले खड्डे सोसून, भिवंडी गाठली की पुढे नाशिक महामार्गावर पडघा व घोटी असे दोन नाके लागतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने प्रत्येक कपातीचा संदेश मालकाच्या फोनवर येतो. ‘अंदाजे टोल’ भरण्याऐवजी तो पाहावयास मागावा. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांच्या आत परतल्यास दोन्ही खेपांचे मिळून दीडपटच शुल्क लागते. म्हणून एकाच दिवसात जाऊन आल्यावर बिलात दुप्पट टोल दिसला, तर प्रश्न विचारावा. खाजगी गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांत सुरू झालेला वार्षिक पास पिवळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीस लागू नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त मिळते खरी, परंतु तिला भाडे करण्याचा परवाना नसतो आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमके त्यावरच बोट ठेवते.

राहता राहिला चालकाचा भत्ता. तो त्याच्या जेवणाचा आणि निवाऱ्याचा. रात्री दहा-अकरानंतर गाडी चालविल्यास काही ठिकाणी रात्रीचा वेगळा आकार पडतो. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तास, लांबच्या मार्गावर फार तर दहा तास, असे ठरविले होते. गुरुजींच्या चालकाने मात्र शुक्रवारी दिवसभर शहरात गाडी चालवून रात्री कसारा घाट चढविला. भत्त्याचे ९०० रुपये बिलात होते. त्यांतले त्याच्या हाती किती पडले, हे गुरुजींनी उतरताना सहज विचारले. महिनाअखेरीस पगारात बघू, असे मालक म्हणतात, एवढेच तो बोलला. दोन्ही रात्री तो पुढचे आसन मागे पाडून गाडीतच झोपला होता.