बदामीच्या कड्याचा फोटो कसा वाचाल? थर, तडे आणि फसव्या घड्या

सोलापूर जिल्ह्यात रस्त्यासाठी टेकडी कापली की आत थर दिसतात. काळा दगड, मध्येच लालसर मातीचा पट्टा, वर पुन्हा काळा दगड. अनेकजण त्याचा फोटो काढून ‘गाळाचे थर’ म्हणून पाठवतात. पण तो गाळ नव्हे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. खरा गाळाचा खडक पाहायचा तर विजापूर ओलांडून पुढे जावे लागते. सोलापूर-गदग लोहमार्गावरच बदामी आहे आणि लेण्यांच्या निमित्ताने तिथल्या लाल वालुकाश्माच्या कड्याचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये असतोच. तोच उघडा.

पहिली गोष्ट शोधायची ती थरांची सीमा. कड्यावर काही पट्टे ठळक पुढे आलेले दिसतात, तर मधले पातळ पट्टे झिजून आत गेलेले. घट्ट वाळूचा दगड टिकतो, बारीक चिखलाचा ठिसूळ दगड आधी झडतो, म्हणून ही खाच पडते. अशी एखादी ठळक खाच निवडा आणि बोटाने फोटोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचा माग काढा. बदामीत ती जवळजवळ आडवीच जाते.

आता एकाच थराच्या आत झूम करा. तिथे बारीक तिरक्या रेषा दिसतील. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण थर कलले आहेत असे वाटते. प्रत्यक्षात वाहत्या पाण्याने वाळूचे उंचवटे पुढे ढकलले, त्यांच्या पुढच्या उतारावर साचलेली वाळू म्हणजे या रेषा. ओळखण्याची खूण सोपी आहे. या रेषा एकाच थरापुरत्या असतात, खालच्या-वरच्या थरात शिरत नाहीत. खाली त्या हळूच वळून तळाला टेकतात आणि वर कापल्यासारख्या तुटतात, कारण पुढच्या प्रवाहाने उंचवट्याचा माथा खरवडून नेलेला असतो. उलथलेल्या खडकात हीच खूण वरची बाजू कोणती ते सांगते.

मग येतात उभ्या भेगा. बदामीच्या किल्ल्याकडे जाताना अशाच रुंदावलेल्या भेगांच्या चिंचोळ्या घळीतून वाट जाते. भेग मोठी म्हणजे भ्रंश, असा समज असतो. तो तपासायला मघाची खाच उपयोगी पडते. भेगेच्या दोन्ही बाजूंना ती एकाच पातळीवर असेल, तर दगड सरकलेलाच नाही, तो नुसता तडा आहे. ती वर-खाली झाली असेल तरच भ्रंश म्हणायचे. समजा, फोटोत कड्यालगत दीड मीटर उंचीचा मुलगा उभा आहे आणि स्क्रीनवर तो 3 सेंटिमीटर भरतो. खाचेच्या दोन टोकांत 2 सेंटिमीटरचा फरक दिसला, तर सरक 1 मीटर. मुलगा कड्यापासून लांब, कॅमेऱ्याजवळ उभा असेल तर हा हिशेब चुकतो. आणि एकाच खाचेवर विसंबू नका. सारख्या दिसणाऱ्या खाचा अनेक असतात. वरच्या-खालच्या दोन-तीन थरांचा क्रम आणि जाडी दोन्हीकडे जुळली पाहिजे.

आता घडी, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली वली. बदामीच्या तलावाकाठून काढलेल्या फोटोत थर कधीकधी कमानीसारखे दिसतात. ही बहुतेक वेळा नजरेची फसवणूक असते. कडा आपल्या दिशेने फुगीर असेल तर डोळ्याच्या पातळीपेक्षा उंचावरचे आडवे थर दोन्ही बाजूंना लांब जाताना खाली झुकल्यासारखे दिसतात. रुंद कोनाची लेन्सही कडेच्या रेषा वाकवते. म्हणून तीच जागा पन्नास पावले बाजूला सरकून पुन्हा टिपावी. जागा बदलताच कमान बदलली, तर ती खडकात नव्हती.

खरी वली पाहायला लांब जायला नको. बागलकोट परिसरातले अधिक जुने खडक दाबाखाली वाकलेले, कललेले आहेत आणि बदामीचे थर त्यांच्यावर आडवे पसरले आहेत. म्हणजे जुना गाळ साचला, दगड झाला, वाकला, झिजून सपाट झाला आणि मग त्यावर नवा गाळ बसला. एकाच फोटोत खालचे थर तिरपे आणि वरचे आडवे दिसले, तर मधल्या रेषेत हा सारा काळ दडलेला असतो.

मात्र अशा तिरप्या थरांचा कोन फोटोवर मोजून लगेच वहीत लिहू नये. थरांचा खरा उतार 30 अंश असेल आणि रस्त्याची कापणी त्या उताराच्या दिशेशी 45 अंशांचा कोन करत असेल, तर भिंतीवर तो सुमारे 22 अंशच दिसतो. कापणी उताराशी काटकोनात असेल तर कललेले थर चक्क आडवे दिसतात. म्हणून वळणावर कापणीच्या दोन वेगळ्या दिशांच्या भिंती मिळाल्या तर दोन्हींचे फोटो घ्यावेत आणि प्रत्येकाबरोबर होकायंत्राने भिंतीची दिशा टिपून ठेवावी.