उशीर केल्याबद्दल आभार

 एक कर्णबधिर मूल मोठं होऊन पदवीधर झालं आहे आणि तीन वर्षं वर्गात आपल्यासमोर उभ्या राहिलेल्या सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताईंना आभाराचं पत्र लिहायला बसलं आहे, असं धरून चालू. अशा पत्रात हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘तुम्ही माझे कान झालात’. वाक्य मनापासूनचं असतं, पण ते ताईंच्या कामावर पडदा टाकतं. कान येईल तो आवाज आत घेतो, तो काही निवडत नाही. दुभाष्याला मात्र दर वाक्याला निवड करावी लागते, आणि ती चांगली साधली तर बाहेरून पाहणाऱ्याला उलट दोषच दिसतात. ताई मागे पडतात, मध्येच हात थांबवतात, प्राध्यापकांना अडवतात. माझं म्हणणं असं की आभार नेमके याच गोष्टींचे मानायला हवेत.

अर्थशास्त्राचा एक तास घेऊ. प्राध्यापक ‘मागणीची लवचीकता’ शिकवताहेत. या संज्ञेसाठी सर्वमान्य खूण नसेल, तर दुभाष्याला पहिला मोह होतो तो रबर ताणल्याची खूण करण्याचा. खूण शब्दाला धरून आहे, पण कल्पनेला सोडून आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यात ताणली जाणारी वस्तू बसते आणि किंमत व मागणी यांचं नातं बाजूलाच राहतं. दुसरा मार्ग इंग्रजी संज्ञा दोन हातांच्या बोटलिपीत एकेक अक्षर करून दाखवण्याचा. त्यानं परीक्षेत लिहायचं शब्दलेखन मिळतं, अर्थ मिळत नाही. जाणती दुभाषी बोटलिपीत संज्ञा एकदा दाखवते आणि मग डावा हात किंमत, उजवा हात मागणी असं ठरवून टाकते. डावा हात थोडासा वर जातो, उजवा धाडकन खाली येतो: किंमत 10 टक्के वाढली, मागणी 20 टक्के घटली, म्हणजे मागणी लवचीक. मग मिठाचं उदाहरण येतं. डावा हात तेवढाच वर जातो, उजवा जेमतेम हलतो. ही मांडणी विद्यार्थ्याशी एकदा ठरली की पुढच्या तासांना दोन्ही हातांची नुसती हालचाल पुरते. पण ती वर्गात उभ्या उभ्या सुचत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी प्राध्यापकांच्या टिपणांतून संज्ञा काढून त्यांचा अर्थ समजून घ्यावा लागतो. हे काम वेळापत्रकात कुठेच दिसत नाही.

आता उशिराचं पाहू. वरची मांडणी करायची तर वाक्य कुठे चाललं आहे हे आधी कळायला हवं, आणि मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. ‘किंमत वाढली तरी मिठाची मागणी फारशी’ इथपर्यंत ऐकून हात हलवले, तर ‘घटत नाही’ येईपर्यंत मागणी खाली गेलेली असते. अमेरिकन संशोधक डेनिस कोकली यांनी 1986 मध्ये या अंतराचा आणि चुकांचा संबंध तपासला. बोलणाऱ्याच्या साधारण दोन सेकंद मागे राहणाऱ्या दुभाष्यांच्या चुका, चार सेकंद मागे राहणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाल्या. अर्थात कितीही मागे राहून चालत नाही, कारण डोक्यात साठवलेलं निसटू लागतं. शिवाय वर्गात फळा असतो. ‘हे बघा, ही रेषा इथून इथे सरकली’ असं सर म्हणतात तेव्हा ऐकणारी मुलं फळ्याकडे बघत ऐकत राहतात. कर्णबधिर विद्यार्थ्याला मात्र एक तर फळा बघता येतो, नाही तर हात. अशा वेळी ताईंनी हात खाली घेऊन फळ्याकडे बोट करणं आणि त्याची नजर परत येईपर्यंत थांबणं याला आळस म्हणता येणार नाही. तेवढ्या वेळात सर पुढे गेले, तर त्यांना थांबवणंही मग आलंच.

‘आभार ही हृदयाची गोष्ट, तिचा असा हिशेब कशाला?’ असं कुणी म्हणेल. हिशेब एवढ्यासाठी की तो मांडू शकणारं दुसरं कुणी नाही. प्राध्यापकांना खुणा कळत नाहीत, विद्यार्थ्याला मूळ बोलणं ऐकू येत नाही आणि दुभाषी गोपनीयतेनं बांधलेली असते. वर्गात काय घडलं ते तिनं बाहेर सांगायचं नसतं. चूक झाली हे विद्यार्थ्यालाच कळतं, तेही आडवाटेनं. सगळा वर्ग हसतो आणि हातांवर विनोद आलेलाच नसतो, फळ्यावरचा आकडा आणि हातांवरचा आकडा जुळत नाही, किंवा तासाच्या उत्तरार्धात खुणा आखडत जाऊन नुसते सुटे शब्द उरतात. हे शेवटचं लक्षण थकव्याचं. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनंतर चुका वाढू लागतात हे 1970च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि थकलेल्या दुभाष्याला ते स्वतःला बरेचदा जाणवतही नाही. म्हणून लांब व्याख्यानाला दोन दुभाषी ठेवून आलटून पालटून काम देण्याची पद्धत आहे. त्यामुळे पत्रात ‘तुम्ही एकट्यानं तीन वर्षं सांभाळलंत’ असं वाक्य आलं, तर ताईंचं कौतुक होतं आणि विद्यापीठाची उणीवही उघडी पडते. इथे एकच दुभाषी मिळताना मारामार, दुसरी कुठून आणायची, हा आक्षेप खरा आहे. पण मग तासाच्या मध्यावर दहा मिनिटांची सुटी आणि आदल्या दिवशी टिपणं, एवढं तरी विद्यापीठाच्या हातात आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं योग्य भाषेतून आणि योग्य माध्यमातून शिक्षण देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे, मग हक्काच्या गोष्टीचे आभार कसले? दुभाषी वर्गात हजर होती याचे आभार मानायला नकोतच, ते मानले की हक्काचं दान होतं. पण कायदा ताईंना वर्गात आणून उभं करू शकतो; कुठे थांबायचं हे तो ठरवू शकत नाही. तोंडी परीक्षेत तर हे फार जाणवतं. तिथे विद्यार्थ्याचं उत्तर ताईंच्या तोंडून बाहेर पडतं आणि गुण विद्यार्थ्याला मिळतात. त्या अडखळल्या तर तो गोंधळलेला वाटतो. त्यांनी अपुरं उत्तर सावरून घेतलं तर तो आहे त्याहून हुशार वाटतो, आणि हीसुद्धा त्याची फसवणूकच. उत्तर चुकीचं असताना ते चुकीचंच, पण नीट वाक्यांत बोललेल्या ताईंबद्दल पत्रात एक ओळ यायला हवी.

राहता राहिला पत्राच्या भाषेचा प्रश्न. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण आणि नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतात, आणि मराठीसारखे विभक्तिप्रत्यय तिथे नसतात. त्यामुळे लेखी पत्रात ‘ताईने’ आणि ‘ताईला’ यांची अदलाबदल झाली, तर तो दुसऱ्या भाषेत लिहिण्याचा परिणाम असतो, विचारातला गोंधळ नव्हे. स्वतःच्या भाषेत लिहायचं, तर हे पत्र खुणांतच करून त्याची चित्रफीत पाठवायला हवी. मग ती कुलगुरूंनाही पाठवली, तर त्यांना समजावी म्हणून दुभाषी लागेल, आणि स्वतःच्या कौतुकाचं भाषांतर ताईंना करायला सांगता येणार नाही, तेव्हा विद्यापीठाला दुसरी दुभाषी शोधावीच लागेल.