दुसरे विकलज म्हणजे प्रचरण नव्हे

द्विपदी वितरणाच्या संभाव्यता-जनक फलनाचे s = 1 येथे एकदा विकलन केले की मध्य मिळतो आणि दोनदा केले की प्रचरण मिळते, हे विधान उत्तरपत्रिकांतून, हस्तलिखित टिपणांतून, आणि खेदाने सांगावे लागते की अध्यापकांच्या तोंडूनही, इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे माझ्या कानी आले आहे की त्याचा सविस्तर समाचार घेणे आता अपरिहार्य झाले आहे. विधानाचा पूर्वार्ध निर्विवाद खरा आहे; उत्तरार्ध सपशेल खोटा आहे. अर्ध्या सत्याच्या आश्रयाने राहणारी चूक अधिक काळ टिकते, आणि या चुकीने तर आजवर पुष्कळांच्या हिशेबात नकळत मुक्काम ठोकला आहे.

प्रथम फलन कसे घडते ते पाहू. एका प्रयोगात यशाची संभाव्यता p आणि अपयशाची q असेल, तर यशाच्या वाट्याला s चा पहिला घात आणि अपयशाच्या वाट्याला शून्य घात देऊन त्या एका प्रयोगाचे फलन q + ps असे लिहिता येते. आणि परस्परांपासून स्वतंत्र असे n प्रयोग केले म्हणजे अशा n अवयवांचा गुणाकार होऊन

G(s) = (q + ps)^n

हे फलन सिद्ध होते. याचा विस्तार केला असता s च्या k-व्या घाताचा सहगुणक हीच नेमकी k यशे मिळण्याची संभाव्यता असते. आता विकलन केले की प्रत्येक पदातील घातांक k खाली उतरून सहगुणकाला गुणतो, आणि त्यानंतर s = 1 ठेवले की s चे सर्व घात एकरूप होऊन केवळ k आणि त्याची संभाव्यता यांच्या गुणाकारांची बेरीज उरते. ही बेरीज म्हणजेच मध्य.

G′(s) = np(q + ps)^(n−1), म्हणून G′(1) = np

येथवर कोणाचाही वाद नाही. परंतु दुसऱ्यांदा विकलन करताना खाली उतरतो तो घातांक k नव्हे, तर पहिल्या विकलनाने एकने कमी झालेला k − 1 होय. सबब दुसऱ्या विकलजातून k च्या वर्गाची सरासरी मिळत नाही, आणि मध्यापासूनच्या विचलनाच्या वर्गाची सरासरी तर मुळीच मिळत नाही. मिळते ती k(k − 1) या गुणाकाराची सरासरी.

G″(1) = n(n−1)p²

ज्यांना ही बीजगणिताची केवळ बारीकसारीक कसूर वाटते, त्यांनी n = 1 घेऊन पाहावे. एकच प्रयोग, यश किंवा अपयश. फलन q + ps, म्हणजे s मधील निव्वळ पहिल्या घाताची राशी, आणि तिचे दुसरे विकलज सर्वत्र शून्य. दुसरे विकलज हेच प्रचरण असते, तर नाणे एकदा फेकण्याच्या फलिताला प्रचरणच नाही, अर्थात ते आधीच निश्चित आहे, असे कबूल करावे लागले असते. या एका दाखल्यानंतर तरी ते विधान पुन्हा उच्चारले जाऊ नये. तरीही ते उच्चारले जाते, याचा मला मनापासून विषाद वाटतो.

मग n(n−1)p² ही राशी मोजते तरी काय? ती यशांच्या जोड्या मोजते. n प्रयोगांतून क्रमाने दोन निवडण्याचे n(n−1) प्रकार आहेत, आणि त्यांतील प्रत्येक जोडीत दोन्ही यशे असण्याची संभाव्यता p² आहे. त्यांचा गुणाकार म्हणजे यशस्वी जोड्यांची अपेक्षित संख्या, ज्यात पहिला-दुसरा हा क्रम वेगळा धरलेला आहे. n = 1 असता जोडी संभवतच नाही, म्हणून उत्तर शून्य आले; त्यात विपरीत काहीच नाही. हा अर्थ एकदा ध्यानी आला म्हणजे पुढची वाट आपोआप उघडते: k(k − 1) मध्ये k मिळवला की k चा वर्ग होतो, म्हणून दुसऱ्या विकलजात पहिले मिळवावे, म्हणजे वर्गाची सरासरी मिळेल, आणि तीतून मध्याचा वर्ग वजा करावा, म्हणजे प्रचरण मिळेल.

प्रचरण = G″(1) + G′(1) − [G′(1)]²

द्विपदीसाठी किमती घातल्या की n(n−1)p² + np − n²p² यांतील n²p² परस्परांना रद्द करतात आणि np − np², म्हणजेच npq, शिल्लक राहते. ज्यांना माझ्या शब्दावर भरवसा नसेल त्यांनी विल्यम फेलर यांच्या १९५० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या संभाव्यताविषयक ग्रंथाच्या पहिल्या खंडातील जनक फलनांचे प्रकरण उघडावे. तेथे हेच सूत्र याच तीन पदांसह दिलेले आहे.

या गैरसमजाचे मूळ कोठे असावे, याचा विचार करता मला असे वाटते की एका फलनाचा नियम दुसऱ्याला लावण्याची ही घाई आहे. s च्या जागी e^t घातले म्हणजे परिबल-जनक फलन होते; त्याचे t = 0 येथील दुसरे विकलज वर्गाची सरासरी देते, आणि त्याच्या लघुगणकाचे तेथीलच दुसरे विकलज खरोखरच थेट प्रचरण देते. द्विपदीसाठी n log(q + pe^t) याचे दोनदा विकलन करून t = 0 ठेवले असता npq हाती येते, कसलीही बेरीज-वजाबाकी न करता. ज्याने हे कधी काळी वाचले आणि कोणत्या फलनाविषयी वाचले ते विसरला, त्याच्या स्मरणात ‘दुसरे विकलज म्हणजे प्रचरण’ एवढेच उरते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी बारा फासे एकदम टाकण्याचा प्रयोग २६,३०६ वेळा नोंदवला. पाच किंवा सहा पडणे हे यश. कार्ल पिअर्सन यांनी १९०० सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ही सामग्री वापरली, त्यामुळे तिचा तक्ता आजही सहज उपलब्ध आहे. फासे निर्दोष असतील तर n = 12, p = 1/3; मध्य ४, प्रचरण ८/३ म्हणजे सुमारे २.६७, आणि दुसरे विकलज १३२/९ म्हणजे सुमारे १४.६७. वेल्डन यांच्या तक्त्यावरून प्रत्येक फेकीतील यशांची सरासरी काढली तर ती ४.०५२ येते आणि k(k − 1) ची सरासरी १५.०६८ येते, या दोहोंची बेरीज करून मध्याचा वर्ग १६.४२२ वजा केला असता २.६९८ उरतात. अपेक्षित २.६७ आणि प्रत्यक्ष २.७० यांत तफावत किती अल्प आहे पाहा.

याउलट १४.६७ हेच प्रचरण मानले, तर प्रमाण विचलन ३.८३ होईल आणि मध्याच्या दोन्ही बाजूंस तेवढे अंतर घेतले असता एकपासून सातपर्यंतची यशे त्यात येतील. तक्त्यात अशा फेकी २५,५९५ आहेत, म्हणजे शेकडा ९७ हून अधिक! खऱ्या प्रमाण विचलनाने, म्हणजे १.६३ ने, तीन ते पाच यशांची पट्टी मिळते व तीत १६,७८३ फेकी, शेकडा सुमारे ६४, येतात. मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत साधारणतः दोन-तृतीयांश निरीक्षणे असावीत ही अपेक्षा येथे यथायोग्य पुरी होते.

परंतु चुकीची खरी किंमत याहून मोठ्या हिशेबात मोजावी लागते. वेल्डन यांचे सर्व फासे एकत्र मोजले तर ३,१५,६७२ प्रयोग होतात. यशे अपेक्षित होती १,०५,२२४ आणि आली १,०६,६०२, म्हणजे १,३७८ अधिक. हे आधिक्य योगायोगाचे की फाशांतील दोषाचे? npq ने प्रमाण विचलन सुमारे २६५ येते, आधिक्य त्याच्या पाचपटीहून जास्त ठरते, आणि फासे सदोष असल्याविषयी वाजवी संशय उरत नाही. दुसऱ्या विकलजालाच प्रचरण समजणाऱ्याचे प्रमाण विचलन मात्र १,०५,२२४ च्या जवळपास, म्हणजे खुद्द मध्याएवढेच, येईल. त्या मापापुढे १,३७८ ही संख्या नगण्य दिसेल आणि तो सदोष फाशांना बेधडक निर्दोष ठरवील.

सूत्र अचूक लिहूनही आकडेमोडीत दगा होऊ शकतो, तो एवढ्यासाठी की यात दोन मोठ्या राशींची वजाबाकी आहे. n = 1000, p = 1/2 घेतले तर दुसरे विकलज २,४९,७५०, पहिले ५००, त्याचा वर्ग २,५०,०००, आणि प्रचरण २५०. कोणी सोयीखातर २,४९,७५० ला २,५०,००० असे पूर्णांकित केले, तर प्रचरण एकदम दुप्पट, ५००, होऊन बसते. म्हणून n²p² अक्षरांतच रद्द करावे, आकड्यांत नव्हे.

राहिलेल्या समजुतींना थोडक्यात उत्तर पुरे. आधी s = 1 ठेवून मग विकलन करता येते, असे काहींना वाटते; पण G(1) ही एक ही स्थिर संख्या आहे आणि तिचे विकलज शून्यच येणार, म्हणून विकलन आधी आणि किंमत नंतर. s ही स्वतःच एखादी संभाव्यता आहे ही समजूतही व्यर्थ आहे; पदे वेगळी ओळखता यावीत म्हणून ठेवलेले ते चिन्ह आहे, आणि s = 0 येथील k-वे विकलज k! ने भागले असता k ची सुटी संभाव्यता मिळते तर s = 1 येथील विकलजे सरासऱ्या देतात. दोन स्वतंत्र द्विपदी चलांची बेरीज नेहमी द्विपदीच असते, हेही खरे नव्हे: p समान असेल तरच दोन फलनांचा गुणाकार पुन्हा एकाच अवयवाचा घात होतो. एका प्रयोगात p = ०.९ आणि दुसऱ्यात ०.१ असेल तर बेरजेचा मध्य १ व प्रचरण ०.१८ येते, आणि मध्य १ असलेल्या दोन प्रयोगांच्या द्विपदीचे प्रचरण ०.५ असते.

शेवटी, s = 1 येथे विकलज घेता येणे हे द्विपदीत निर्वेध आहे ते केवळ तिचे फलन n घाताची बहुपदी असल्यामुळे. ज्या वितरणात k = 1, 2, 3, … यांच्या संभाव्यता 1/[k(k+1)] आहेत, त्यांची बेरीज बरोबर एक होते, फलन s = 1 येथे व्यवस्थित अस्तित्वात असते, आणि तरीही त्याचे पहिले विकलज s एककडे जाताना अमर्याद वाढत जाते, कारण त्या वितरणाला सान्त मध्यच नाही.