कॅमेऱ्याला वास येत नाही

लोणारच्या विवरातल्या सरोवराकाठी घडणाऱ्या एका लघुपटाच्या पटकथेत समजा हे दृश्यवर्णन आहे:

बाह्य. कमळजा देवी मंदिर, सरोवराचा काठ. सकाळ.
पाण्याचा उग्र वास पसरला आहे. सुमन पंधरा वर्षांनी इथे आली आहे. तिला आईची आठवण येते.

वाचताना हे छान वाटतं, पण यातलं पडद्यावर काय दिसेल? काठावर उभी असलेली एक बाई. बाकी सगळं कागदावरच राहतं.

गैरसमज: वर्णनात भावना लिहिली की नटी ती आपोआप दाखवेल.
वस्तुस्थिती: नटीला करण्यासाठी कृती लागते. 'आठवतं', 'जाणवतं', 'कळतं' ही क्रियापदं पटकथेत शोधून अधोरेखित करा. पात्राचं न दिसणारं मन बहुतेक तिथेच शिरलेलं असतं. मग एकेका वाक्याला विचारा, हे कशावरून कळेल? वास सुमनच्या पदरावरून कळेल. पंधरा वर्षं कुणाच्या तरी बोलण्यातून कळतील, कारण कॅमेऱ्याबरोबर माइकही असतो आणि ऐकू येणारं सारं लिहायला मोकळीक आहे. आईसाठी एखादी वस्तू हवी. नव्याने लिहिलेला प्रसंग असा:

सुमन (३५) पायऱ्या उतरते. नाकाला पदर लावते. मंदिरात पिशवीतून दोन ओट्या काढते. एक देवीपुढे ठेवते. दुसरी हातातच राहते.
पुजारी: ही कोणाची?
सुमन ती पुन्हा पिशवीत ठेवते.
पुजारी: गावातल्याच का तुम्ही?
सुमन: होते. पंधरा वर्षं झाली.

आईचा उल्लेखही नाही. दुसऱ्या ओटीचा प्रश्न मात्र प्रेक्षकाच्या मनात राहतो, आणि आई पुढच्या प्रसंगात आली की त्याचं उत्तर मिळतं. तो पुढचा प्रसंग नसेल तर ही ओटी कोडंच राहील, हेही लक्षात ठेवावं.

गैरसमज: कॅमेऱ्यासाठी लिहायचं म्हणजे 'क्लोजअप', 'पॅन' असं लिहायचं.
वस्तुस्थिती: शॉट वाक्यातच असतो. 'सुमनची बोटं ओटीची गाठ चाचपतात' असं लिहिलं की दिग्दर्शकाला कॅमेरा जवळ न्यावासा वाटतोच. 'विवराच्या तळाशी सुमन, मुंगीएवढी' लिहिलं की तो वरच्या कडेवर, उंचावर जातो. शॉटचं नाव घातलं की वाचणारा गोष्टीतून बाहेर पडतो.

गैरसमज: मग भावनेचा एकही शब्द नको.
वस्तुस्थिती: 'संकोचाने', 'घाईत' हे शब्द चालतात, कारण ते देहात दिसतात. सगळं काढून टाकलं तर उरते ती नुसती हालचालींची यादी, आणि नटीला प्रसंगाचा सूर सापडत नाही.

एक खबरदारी मात्र लोणारचीच. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, हे त्याचं कारण. फोटो पाहून 'गुलाबी पाणी' लिहिणाऱ्याला चित्रीकरणाच्या दिवशी हिरवटच पाणी मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून ज्या महिन्यात चित्रीकरण करायचं, त्या महिन्यात तिथे जाऊन रंग पाहावा आणि मगच तो लिहावा.