पाऊस पडला तरी डबा द्यावा

जपानमधल्या प्राथमिक शाळेतून मूल घरी आलं की त्याच्या दप्तरातून आधी कागद बाहेर काढायचे असतात. मुख्याध्यापकांचं मासिक पत्र, इयत्तेचं पत्र, आरोग्य खोलीतल्या शिक्षिकेचं पत्र, पुढच्या महिन्याच्या जेवणाचा तक्ता आणि मधूनच खाली तुटक रेघ असलेला एखादा कागद. त्या रेघेवर कापायचं, खालचा भाग भरायचा आणि ठरल्या तारखेच्या आत परत पाठवायचा. काही शाळा आता मोबाइलवर सूचना देतात, पण कागद संपलेले नाहीत. जपानी आईलाही या कागदांचा वैताग येतो. परदेशातून आलेल्या आईपुढे मात्र आधी ते वाचण्याचाच प्रश्न असतो.

समजा, ही आई मराठी आहे. तोक्योच्या एदोगावा भागातलं निशिकासाई हे भारतीयांच्या वस्तीसाठी ओळखलं जातं. संगणक क्षेत्रात काम करणारी अनेक कुटुंबं तिथे राहतात. तिथल्या पुष्कळ मुलांची सोय भारतीय अभ्यासक्रमाच्या इंग्रजी शाळांत होते, पण काही पालक मुलांना जवळच्या सरकारी जपानी शाळेत घालतात. आपल्या गोष्टीतल्या बाईने तेच केलंय. एप्रिलमध्ये मुलगी पहिलीत गेली आणि मे महिन्यात सहलीची नोटीस आली. बाई हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या शिकली आहे. प्रत्येकीत मूळची ४६ अक्षरं, म्हणजे ते काही फार अवघड नाही. अडतं ते कांजीपाशी, चिनी चित्राक्षरांपाशी. नेहमीच्या वापरातली म्हणून सरकारने ठरवलेली कांजी २,१३६ आहेत. त्यांपैकी १,०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवली जातात आणि पहिलीच्या वाट्याला फक्त ८० येतात. पहिलीच्या पुस्तकात कठीण अक्षरांवर बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो. पालकांच्या नोटिशीवर बहुधा तो नसतो, कारण ती मोठ्यांनी वाचायची असते!

तर नोटिशीत एक ओळ आहे, ‘उतेन जुन्एन’. चार कांजी, मध्ये मोकळी जागा नाही. जपानी लिहिताना शब्द सुटे करत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला हेही वाचणाऱ्यानेच ओळखायचं.

पहिली दोन अक्षरं मुलीच्या पुस्तकातच सापडतात. पाऊस आणि आकाश, दोन्ही पहिलीतली. पुढची दोन मात्र चौथीतली आणि सहावीतली. त्यांचा उच्चार माहीत नाही, मग शब्दकोशात शोधायचं कसं? कांजीच्या कोशाला यासाठी तीन दारं असतात. उच्चार माहीत असेल तर उच्चारांची सूची. अक्षराचा मुख्य घटक ओळखता आला तर घटकांची सूची. परंपरेने असे २१४ घटक मानतात. यांतलं काहीच जमलं नाही तर अक्षर लिहायला एकूण किती रेघा लागतात ते मोजायचं आणि त्या आकड्याखालची यादी चाळायची.

रेघा मोजण्यातही मेख आहे. चौकोन दिसतो चार बाजूंचा, पण तो तीन रेघांत लिहितात. वरची आडवी रेघ हात न उचलता उजवीकडून खाली उतरते, म्हणून ती एकच धरायची. हे माहीत नसलेला माणूस चुकीच्या यादीत हुडकत बसतो. बाईने तिसऱ्या अक्षराच्या रेघा बारा मोजल्या आणि ते तिला मिळालं: ‘जुन्’, म्हणजे क्रम. चौथ्यात आठ: ‘एन्’, म्हणजे लांबवणं.

आता उच्चार हाती आल्यावर साध्या जपानी-इंग्रजी कोशात पूर्ण शब्द पाहायचा. इथे मराठी माणसाची थोडी चैन आहे. जपानी कोशाचा क्रम अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा जातो. आपली बाराखडी शेजारी ठेवली तर दोघींचं नातं दिसतं, आणि ते खरंच आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् लिपीतलं संस्कृत जपानला पोचलं आणि तिथल्या भिक्षूंच्या अभ्यासातून हा क्रम बसला. चवर्गाच्या जागी ‘स’ आहे. पवर्गाच्या जागी ‘ह’ आहे, कारण जपानीतला आजचा ‘ह’ जुन्या काळी ‘प’च्या जवळचा होता. पण या ओळखीच्या वाटेवरच बाई एकदा अडखळते. जपानीत ‘ज’ला वेगळं अक्षर नाही. ‘स’च्या ओळीतल्या अक्षरावर दोन बारीक रेघा दिल्या की ‘ज’ होतो, आणि कोशातही तो ‘स’च्याच घरात राहतो. तेव्हा ‘जुन्एन’ शोधायचा ‘शु’पाशी.

अर्थ मिळाला: पाऊस आल्यास सहल पुढच्या दिवशी, त्या दिवशीही पाऊस असेल तर त्याच्या पुढच्या. चार अक्षरांसाठी बाईची अर्धी संध्याकाळ गेली, पण ओळ लागली.

खरी गोम मात्र तिच्या पुढच्या वाक्यात आहे. त्यात म्हटलंय की पाऊस असेल तर नेहमीचे वर्ग भरतील, मुलांसोबत डबा आणि अभ्यासाचं साहित्य द्यावं. प्रत्येक शब्द कोशात सापडतो, तरी वाक्य पटत नाही. शाळेत रोज गरम जेवण मिळतं, सहल रद्द होऊन शाळाच भरणार असेल तर डबा कशाला? तिला वाटतं, आपणच चुकीचं वाचलं. कारण नोटिशीत लिहिलेलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे असं गृहीत धरलंय. शाळेचं जेवण आधी हिशेब करून मागवलेलं असतं. सहलीच्या दिवसाचं ते आधीच बंद केलेलं असतं आणि सकाळी पाऊस पाहून पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून पाऊस पडला तरी डबा द्यायचा, आणि सहल दुसऱ्या दिवशी गेली तर त्या दिवसाचं काय हेही नोटिशीत पाहून ठेवायचं. ज्या मुलाच्या आईला हे उमगत नाही, ते मूल भर पावसात रिकाम्या हाताने वर्गात बसतं. शिक्षिकेला ही चूक कळते ती जेवणाच्या सुट्टीतच.

अशा जागा आणखी आहेत. ‘सवयीचे बूट’ अशी सूचना असते. सहल आहे म्हणून कौतुकाने नवे बूट घेणाऱ्या आईला ती उलट जाते. पायाला फोड येऊ नयेत म्हणून जुनेच घालायचे असतात. पाण्याच्या बाटलीत पाणी किंवा चहा असं लिहिलेलं असतं. तो चहा म्हणजे दूध-साखरेचा नव्हे, जवसारखा भाजलेला धान्याचा किंवा पानांचा कोरा. ‘गाडीने शाळेत येण्याचा संकोच करावा’ असं एक वाक्य तर जवळपास प्रत्येक कार्यक्रमाच्या नोटिशीत भेटतं. कोश ‘एन्ऱ्यो’चा अर्थ संकोच, भीड असा देतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की अगदीच गरज पडली तर गाडी चालेल. चालत नाही. ती सभ्य शब्दांतली मनाई आहे.

तुटक रेघेखालचा भाग भरतानाही एक फसगत होते. ‘येणार’ आणि ‘येणार नाही’ यांपैकी योग्य त्यावर गोल करायचा असतो. आपल्याकडे सवयीने बरोबरची खूण केली जाते. जपानी शिक्षक बरोबर उत्तराला गोल देतात आणि बरोबरची आपली ती खूण बऱ्याचदा चुकलेल्या उत्तराला. उन्हाळ्यात पोहण्याचे तास सुरू झाले की अनेक शाळांत एक कार्ड येतं. त्यावर रोज मुलाचं तापमान लिहून पालकांनी शिक्का किंवा सही करायची. ती राहिली तर मूल पाण्यात उतरत नाही, काठावर बसून बघतं. अशा वेळी तिथे ‘मला समजलं नाही’ ही सबब चालत नाही.

शाकाहारी घरात सगळ्यांत बारकाईने वाचला जातो तो जेवणाचा तक्ता. त्यात पदार्थांचे घटक सहसा लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन गटांत मांडलेले असतात: रक्त-मांस घडवणारे, ऊर्जा देणारे आणि शरीराचं तंत्र सांभाळणारे. डुक्कर, गाय, कोंबडी आणि मांस यांची कांजी बाई आधी पाठ करते. पण भाजीच्या सुपात मासा दिसत नाही, तो ‘दाशी’ नावाच्या रश्शाच्या पाण्यात असतो, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा. त्यामुळे मांसाची कांजी नसलेला पदार्थही शाकाहारी असेलच असं नाही. इथे कोश बाजूला ठेवून शिक्षिकेला विचारावंच लागतं, आणि त्यासाठी रोजच्या निरोपाची वही असते. त्या वहीत हिरागानात लिहिलेल्या दोन वाक्यांना उत्तर येतं, आणि तेही हिरागानात, असा अनेक पालकांचा अनुभव आहे.

म्हणजे शिक्षिकेला सोपं लिहिता येतं. मग मूळ नोटीसच तशी का नसते? जपानमध्ये या प्रश्नावर काम झालंय, आणि त्याची सुरुवात शाळेत नाही, भूकंपात झाली. १७ जानेवारी १९९५ला कोबे आणि परिसर हादरला. तेव्हा तिथल्या परदेशी रहिवाशांना जपानी सूचना कळल्या नाहीत आणि अनेकांना इंग्रजीही येत नव्हतं. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातले भाषाअभ्यासक सातो काझुयुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यासाशिई निहोंगो’, म्हणजे सोपी जपानी, आकाराला आणली. वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट, आदरार्थी वळणं नाहीत, दुहेरी नकार नाही, कांजीवर उच्चार छापलेला आणि शब्दांमध्ये मोकळी जागा. ऑगस्ट २०२०मध्ये जपान सरकारच्या इमिग्रेशन आणि सांस्कृतिक विभागांनी मिळून याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. शिक्षण मंत्रालयाच्या ‘कास्तानेत्तो’ या संग्रहात शाळांना वापरता येतील अशा अनेक भाषांतल्या नोटिसाही मिळतात.

आपल्या सहलीची ओळ या रीतीने अशी होईल: ‘बुधवारी सहल. पाऊस आला तर सहल नाही. शाळा आहे. शाळेत जेवण नाही. डबा द्या. सहल गुरुवारी.’ चार कांजींच्या जागी सहा वाक्यं झाली, कागद थोडा जास्त लागला, आणि ‘डबा कशाला’ हा प्रश्न उरला नाही. जपानी वाचकाला हे लिखाण उद्धट वाटेल अशी शिक्षकांची भीती असते आणि ती अगदीच खोटी नाही. पण दोन्ही मजकूर एकाच कागदावर छापता येतात.

गरज वाढतेच आहे. शिक्षण मंत्रालयाच्या २०२३च्या पाहणीत जपानी भाषेच्या खास शिकवणीची गरज असलेली मुलं सुमारे ६९ हजार निघाली. त्यांच्या घरी आलेली नोटीस कोण वाचतं, हे त्या आकड्यात येत नाही. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये एदोगावाच्या सभागृहात निवडून आले आणि २०२३मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. परदेशातून आलेला माणूस नोटीस काढणाऱ्या खुर्चीवर बसल्याची अशी उदाहरणं अजून विरळाच. २०२०च्या सूचना मार्गदर्शक आहेत, सक्तीच्या नाहीत. त्यामुळे एखाद्या आईच्या हाती सोपी नोटीस येते की चार कांजींची ओळ, हे आजही त्या त्या शाळेवर आणि बऱ्याचदा एकट्या वर्गशिक्षिकेवर अवलंबून आहे.