पालथं झोपवल्याने श्वास का सुधारतो?

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबात कोरोना सापडला आणि सांगली जिल्हा हादरला. पुढच्या वर्षीच्या लाटेत सातारा-सांगलीच्या घराघरांत ‘पालथं झोपा’ हा सल्ला पोहोचला. त्यामागचा आजार मात्र कोरोनाहून जुना आहे: ‘एआरडीएस’, म्हणजे तीव्र श्वसन-त्रास लक्षणसमूह.

न्यूमोनिया, रक्तातला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज किंवा स्क्रब टायफससारखा ताप यांतून तो उद्भवतो. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांत द्रव झिरपतो. हवा खेळायला थोडाच भाग उरतो.

म्हणूनच व्हेंटिलेटरचा श्वास छोटा ठेवतात, आणि तो वजनावर नव्हे, उंचीवर ठरतो, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ८५ किलोच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन सुमारे ६१.५ किलो धरतात. किलोमागे ६ मिलिलिटर, म्हणजे एका श्वासाला साधारण ३७० मिलिलिटर. प्रत्यक्ष वजन धरलं तर ५१० होतील आणि उरलेला निरोगी भाग ताणून फाटू लागेल. अमेरिकेतल्या २००० सालच्या चाचणीत मोठ्या श्वासांऐवजी छोटे दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले.

उताणं झोपल्यावर हृदयाचा भार आणि पोटाचा दाब फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागावर येतो. तिथे रक्त भरपूर, हवा कमी. पालथं केलं की तो भाग उघडतो. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर रुग्णाला सलग किमान १६ तास असं ठेवतात. वळवताना श्वासनळीतली नळी निसटू नये म्हणून एक जण फक्त डोकं सांभाळतो. चेहऱ्यावर दाबाचे व्रण पडतात, त्यामुळे मान अधूनमधून फिरवावी लागते.